डॉक्टर म्हणतात १८ आठवडे, आजी म्हणते चौथा चालू! ट्रायमेस्टर, कोलोस्ट्रम, लॅक्टेशन म्हणजे घरच्या भाषेत नेमकं काय?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं '१८ आठवडे ४ दिवस'. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, "कितवा म्हणाले?" मग गणित सुरू होतं. अठरा भागिले चार म्हणजे साडेचार, म्हणजे पाचवा चालू. आजी म्हणते, पाळी चुकली फेब्रुवारीत, मग पाचवा कसा असेल? चौथाच. नवऱ्याने मोबाईलमध्ये घेतलेलं ॲप सांगतं, 'सेकंड ट्रायमेस्टर'.

एकाच पोटाबद्दलची ही तीन उत्तरं आहेत आणि गंमत म्हणजे तिन्ही आपापल्या हिशोबाने बरोबर आहेत. अडचण येते ती एका हिशोबातला आकडा दुसऱ्या हिशोबात वापरला जातो तेव्हा. दवाखान्याची भाषा इंग्रजी, घरची मराठी. या दोन भाषांच्या मधल्या फटीत कधी तपासणीची तारीख निघून जाते, तर कधी बाळाचं पहिलं दूध फेकलं जातं. गरोदरपण आणि बाळंतपणातल्या अशा तीन शब्दांचा घरातला अर्थ समजून घेऊया. हे तीन शब्द आहेत ट्रायमेस्टर, कोलोस्ट्रम आणि लॅक्टेशन.

दिवस गेले, पण कधीपासून?

ट्रायमेस्टर म्हणजे तीन महिन्यांचा टप्पा. सरकारी पुस्तिकांमध्ये त्याला 'तिमाही' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण तिमाही म्हटलं की बहुतेकांना कंपन्यांचे निकाल आठवतात. 'त्रैमासिक' म्हणावं तर वाटतं एखाद्या नियतकालिकाबद्दल बोलणं चाललंय. घरात कुणीही 'माझी दुसरी तिमाही चालू आहे' असं म्हणत नाही. घरात 'पाचवा लागला' म्हणतात, 'सातवा सरला' म्हणतात.

डॉक्टर मात्र महिने मोजतच नाहीत, ते आठवडे मोजतात. १३ आठवडे ६ दिवस होईपर्यंत पहिला ट्रायमेस्टर. १४ आठवडे पूर्ण झाले की दुसरा सुरू होतो, तो २७ आठवडे ६ दिवसांपर्यंत. २८ पासून बाळ होईपर्यंत तिसरा. आणि मोजणी सुरू होते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

इथेच पहिला गोंधळ आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवशी बाई गरोदर नसतेच. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी. तरीही मोजणी पाळीपासून का? कारण गर्भ नेमका कधी राहिला ते सहसा सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र बहुतेकींना आठवते. त्यामुळे दवाखान्याच्या भाषेत '४ आठवड्यांची गरोदर' म्हणजे गर्भ राहून जेमतेम दोन आठवडे झालेली बाई.

मराठीतला जुना हिशोब वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो. 'दिवस गेले' हे कळतं पाळी चुकल्यावर. त्यामुळे अनेक घरांत पाळी चुकली तिथूनच पहिला महिना धरतात. म्हणजे दवाखान्यापेक्षा घर जवळपास चार आठवडे मागे चालतं. त्यात आणखी एक खाच आहे. 'पाचवा लागला' म्हणजे चार पूर्ण झाले, 'पाचवा सरला' म्हणजे पाच पूर्ण झाले. बोलताना लोक नुसतं 'पाचवा' म्हणतात, आणि ऐकणारा हवं ते समजतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा एका बाईची शेवटची पाळी १० जानेवारी २०२५ ला आली. तिचं चक्र २८ दिवसांचं आहे, म्हणजे पुढची पाळी ७ फेब्रुवारीला यायला हवी होती. ती चुकली. २० मे रोजी ती दवाखान्यात जाते. त्या दिवशी शेवटच्या पाळीपासून १३० दिवस झाले आहेत, म्हणजे १८ आठवडे ४ दिवस. पाळीपासून महिने मोजले तर चार महिने दहा दिवस, म्हणजे पाचवा चालू. पाळी चुकल्यापासून मोजले तर तीन महिने आणि तेरा दिवस, म्हणजे चौथा चालू. सुरुवातीची तीन उत्तरं आली ती इथूनच.

आता डॉक्टर म्हणाले, 'पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी करून घ्या.' ही ॲनोमली स्कॅन. यात बाळाचं हृदय, मणका, मेंदू, किडनी असे अवयव नीट घडले आहेत का ते बघतात. ती साधारण १८ ते २० आठवड्यांत करायची असते. या बाईसाठी ते दिवस येतात १६ मे ते ३० मे. घरच्या हिशोबात मात्र पाचवा लागणार ७ जूनला. तेव्हा २१ आठवडे १ दिवस झालेला असेल. आणि 'पाचवा सरल्यावर जाऊ' असं ठरलं तर ७ जुलै उजाडेल, म्हणजे २५ आठवडे ३ दिवस.

हा फरक किरकोळ नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत ठराविक गटांतल्या महिलांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असल्याचं मेडिकल बोर्डाने सांगितलं, तर परवानगी मिळू शकते. जुलैमध्ये केलेल्या सोनोग्राफीत काही गंभीर दिसलं, तर त्या जोडप्याला निर्णयासाठी मिळाले असते ते आठवडे आधीच संपलेले असतात. कारण काय, तर 'पाचवा' या शब्दाचे दोन अर्थ.

त्यामुळे दवाखान्यात महिना विचारण्यापेक्षा तारीख विचारणं सोयीचं. 'पुढची सोनोग्राफी कितव्या महिन्यात?' असं न विचारता 'कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?' असं विचारलं की घरात कुणाशी वाद घालावा लागत नाही.

नऊ महिने नऊ दिवस: म्हण किती खरी?

'नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं' हे वाक्य मराठी घरात एकदा तरी ऐकलेलं असतंच. बहुतेक वेळा भांडणात. पण हिशोब म्हणून ते कसं आहे?

डॉक्टर प्रसूतीची अंदाजे तारीख काढतात ती एका साध्या सूत्राने. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. आपल्या उदाहरणात १० जानेवारीत नऊ महिने मिळवले की १० ऑक्टोबर, त्यात सात दिवस घातले की १७ ऑक्टोबर. तेच बरोबर २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपल्या म्हणीप्रमाणे नऊ दिवस धरले तर १९ ऑक्टोबर येते. फरक फक्त दोन दिवसांचा!

पण म्हण वापरताना मोजणी पाळी चुकल्यापासून केली तर? ७ फेब्रुवारीत नऊ महिने नऊ दिवस मिळवले की १६ नोव्हेंबर. त्या दिवशी ४४ आठवडे २ दिवस झालेले असतील. दवाखाना ४२ आठवड्यांच्या पुढे थांबत नाही, बहुतेक डॉक्टर त्याआधीच कळा आणण्याचा विचार करतात. कारण दिवस भरून बरेच पुढे गेले की वार थकते, बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ लागतं आणि बाळाला धोका वाढतो. 'अजून दिवस कुठे भरलेत' म्हणत थांबलेल्या घराला हे कळायला उशीर होऊ शकतो.

सूत्राचीही मर्यादा आहे. ते २८ दिवसांच्या नियमित चक्रावर बेतलेलं आहे. पाळी अनियमित असेल, तारीख आठवत नसेल किंवा आधीचं बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर ते चुकतं. अशा वेळी सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तारीख ठरवतात. १४ आठवड्यांच्या आत केलेली मोजणी पाच-सात दिवस इकडेतिकडे इतकी अचूक असते. सातव्या-आठव्या महिन्यात केलेली तितकी नसते, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या चणीने वाढू लागलेलं असतं. रिपोर्टांमध्ये दोन वेगळ्या तारखा दिसल्या की लोक गांगरतात. साधारणपणे आधी ठरलेली तारीखच धरून चालायची असते.

आणखी एक समज याच मोजणीतून येतो. 'सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही.' हे खरं नाही. ३७ आठवड्यांच्या आधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं मानतात आणि पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा त्याच्या बाजूने असतो. आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार झालेली असतात.

कोलोस्ट्रम म्हणजे आपला चीक

आता दुसरा शब्द. नर्स सांगते, 'कोलोस्ट्रम द्या बाळाला, फेकू नका.' बाळंतीण मान डोलावते. ती गेल्यावर खोलीतलं कुणीतरी विचारतं, 'काय द्यायला सांगितलं? औषध आहे का?'

कोलोस्ट्रमला मराठीत फार जुना शब्द आहे, चीक. गाय-म्हैस व्यायली की पहिले काही दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. त्याचाच खरवस. शेजारच्या गोठ्यातून चीक आला तर घरात केवढा आनंद असतो! आणि गुरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा, वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजलाच पाहिजे, हे त्याला ठाऊक असतं.

बाईच्या बाबतीत मात्र तोच चीक अनेक घरांत पिळून टाकला जातो. 'साचलेलं दूध आहे', 'घाण आहे', 'बाळाला बाधेल' असं म्हटलं जातं. यामागे त्याचं रूप असावं. तो पांढरा नसतो, पिवळा आणि चिकट असतो, पटकन पाहिलं तर पू वाटतो. शिवाय चीक हाच शब्द आपण रुईच्या, फणसाच्या चिकासाठीही वापरतो, आणि तो हाताला लागलेला कुणालाच आवडत नाही.

प्रत्यक्षात हा पिवळेपणा कॅरोटीनचा असतो, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य. नंतरच्या दुधापेक्षा चिकात प्रथिनं जास्त आणि साखर, चरबी कमी असते. त्यात जीवनसत्त्व अ असतं, संसर्गाशी लढणाऱ्या पेशी असतात आणि एक खास प्रकारची प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणात असतात. वासराचं आणि माणसाच्या बाळाचं इथे थोडं वेगळं आहे. वासरू जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय जन्मतं, त्यामुळे ती सगळी त्याला चिकातून रक्तात घ्यावी लागतात. माणसाच्या बाळाला रक्तातली प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळालेली असतात. आईच्या चिकातली प्रतिपिंडं वेगळं काम करतात. ती आतड्याच्या आतल्या बाजूवर थर धरतात आणि जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत. म्हणजे चीक हे नवजात बाळाच्या आतड्याला दिलेलं अस्तर.

त्याचं आणखी एक काम म्हणजे पोट साफ करणं. जन्मानंतर बाळाला पहिली शी होते ती काळपट, डांबरासारखी चिकट. चिकाने ती लवकर बाहेर पडायला मदत होते.

मग 'दूधच आलं नाही' ही तक्रार कुठून येते? चीक किती असतो ते माहीत नसल्यामुळे. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला साधारण २ ते १० मिलिलिटर पितं. चहाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे अर्धा ते दोन चमचे, एवढंच! दुधाच्या बाटलीची सवय झालेल्या डोळ्यांना हे काहीच नाही असं वाटतं. पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच असतं. आणि चीक बाळंतपणानंतर तयार होत नाही, तो गरोदरपणाच्या दुसऱ्या टप्प्यातच बनू लागतो. काहींना सातव्या-आठव्या महिन्यात कपड्यांवर पिवळसर डाग दिसतो, तो हाच.

बाळ पहिल्या तासात छातीशी लावावं, असा सल्ला आहे. सिझेरियन झालं असलं तरी आई शुद्धीवर आणि स्थिर असेल तर लवकरात लवकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं होती फक्त ४१.८ टक्के. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोहोचूनही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास तसाच गेला. या दरीसाठी घरच्या समजुतींना एकट्याने दोष देता येणार नाही. सिझेरियननंतर बाळ वेगळ्या खोलीत ठेवणं हे दवाखान्याचंच काम आहे.

तो तास रिकामा राहत नाही. त्या जागी काहीतरी येतं. मधात बुडवलेली सोन्याची अंगठी, गुळाचं पाणी, घुटी किंवा वरचं दूध. यातला मध खरोखर धोक्याचा आहे. मधात बोटुलिझम नावाच्या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट ते सहज पचवतं, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. बाळ लुळं पडतं, चोखेनासं होतं, श्वासावर परिणाम होतो. हे क्वचित घडतं, पण म्हणूनच वर्ष होईपर्यंत मध नाही, चाटवण्यापुरताही नाही.

बाळ अशक्त असेल, चोखत नसेल किंवा आईपासून दूर काचेच्या पेटीत असेल तर चीक हाताने पिळून स्वच्छ वाटीत काढतात आणि चमच्याने पाजतात. आपल्याकडचं जुनं बोंडलंही यासाठी चालतं, दर वेळी उकळून घेतलं तर.

वार पडते, मग दूध उतरतं

तिसरा शब्द लॅक्टेशन. पुस्तकी मराठीत 'दुग्धस्रवण'. अंगणवाडीच्या कागदांवर 'स्तनदा माता' असतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलंय त्या स्वतःला तसं म्हणत नाहीत, त्या म्हणतात 'बाळ अंगावर पितंय'.

इंग्रजीतल्या या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीने त्या आधीच वेगळ्या ठेवल्या आहेत. एक म्हणजे दूध बनणं आणि उतरणं. दुसरी म्हणजे पान्हा फुटणं.

आधी दूध उतरण्याबद्दल. गरोदरपणात वारेमधून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक पाझरत असतं आणि ते दुधाला जणू दाबून धरतं. बाळ झालं की थोड्या वेळाने, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, वार पडते. प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं आणि दुधाचा मार्ग मोकळा होतो. पण हे बटण दाबल्यासारखं होत नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते, जड होते. त्यालाच 'दूध उतरलं' म्हणतात. पहिलं बाळंतपण असेल, सिझेरियन झालं असेल किंवा आईला मधुमेह असेल तर एखादा दिवस उशीर होऊ शकतो. वारेचा तुकडा आत राहिला असेल तरी दूध उतरायला वेळ लागतो. चौथा-पाचवा दिवस उजाडला, छाती भरली नाही आणि रक्तस्रावही जास्त आहे, तर डॉक्टर म्हणूनच सोनोग्राफी करून बघतात.

पान्हा वेगळा. तो दूध बनवत नाही, बनलेलं दूध पुढे ढकलतो. बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात. काहींना तेव्हा झिणझिण्या येतात, दुसऱ्या बाजूनेही दूध गळतं. नुसतं बाळाचं रडणं ऐकूनही पान्हा फुटतो आणि भीती, वेदना, अपमान यांनी तो अडतो. गाय अनोळखी हाताला पान्हावत नाही, हे धार काढणाऱ्याला माहीत असतं. बाळंतिणीच्या खोलीत चार जणी उभ्या राहून 'हिला दूधच नाही' म्हणत असतील, तर दूध असूनही ते येत नाही.

दूध बनण्याचं गणित मात्र रिकामं होण्यावर चालतं. छाती जितकी वेळा रिकामी होईल तितकं नवं दूध बनतं. म्हणून सुरुवातीला दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायला सांगतात. बाळ रडलं, वाटलं दूध पुरत नाही, म्हणून वरच्या दुधाची बाटली दिली, तर पोट भरलेलं बाळ कमी चोखतं. छाती तशीच भरलेली राहते आणि शरीराला निरोप जातो की एवढं दूध नको आहे. दोन-तीन दिवसांत दूध खरोखरच कमी होतं आणि सगळे म्हणतात, 'बघा, नव्हतंच!'

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा यांचं काय? बाळंतिणीला जास्तीचं खाणं लागतं आणि अळिवात लोहही असतं, त्यामुळे खायला हरकत नाही. पण चोखणं कमी असेल तर नुसत्या खिरीने दूध वाढत नाही.

पुरतंय की नाही, कसं ओळखायचं?

रडण्यावरून नाही. बाळ झोप आली, ओलं झालं किंवा नुसतं कुशीत यायचं असलं तरी रडतं. छाती मऊ वाटते म्हणूनही नाही, काही आठवड्यांनी ती मऊच राहते. दोन गोष्टी बघायच्या: शी-शू आणि वजन.

पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत. शी काळ्यावरून हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी व्हायला हवी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध पोटात पुरेसं जात नाहीये.

वजनाबाबत मात्र एक गोष्ट आधीच माहीत हवी. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतंच. समजा, जन्मतः बाळ २ किलो ८०० ग्रॅम होतं. तिसऱ्या दिवशी ते २ किलो ६२० भरलं. घरात घबराट होते, बाळ सुकलं! पण ही घट १८० ग्रॅमची, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत आहे. सात टक्क्यांपर्यंत सहसा काळजी नसते. त्यापुढे गेलं तर पाजण्याची पद्धत कुणीतरी बसून बघायला हवी. बाळाच्या तोंडात फक्त बोंडी आहे की तिच्याभोवतीचा काळा भागही आहे, हे पहिलं बघायचं. नुसती बोंडी धरली तर आईला दुखतं, चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. हेच बाळ चौथ्या दिवशी २ किलो ५०० वर आलं, तर घट दहा टक्क्यांवर गेली. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, विशेषतः बाळ सुस्त असेल, पाजायलाही उठत नसेल तर. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पुढे सहा महिने आईचंच दूध, वर पाणीही नाही. उन्हाळ्यातसुद्धा.

'अंगावरून जातंय' म्हणजे नक्की काय?

पाजताना ओटीपोटात कळ येते आणि अंगावरून जास्त जातं, असं अनेक बाळंतिणी सांगतात. घाबरून काहीजणी पाजणंच थांबवतात. ही कळ त्याच ऑक्सिटोसिनची असते. त्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आवळलं जातं. गर्भाशय आवळलं की वार सुटलेल्या जागेचा रक्तस्राव कमी व्हायला मदत होते. पाजताना थोडं जास्त बाहेर पडतं कारण आत साचलेलं ढकललं जातं.

पण 'अंगावरून जाणं' हा शब्दच फसवा आहे. पांढरं जात असलं तरी बायका तेच म्हणतात, लाल गेलं तरी तेच. गरोदरपणात पाणमोट फुटून पाणी जात असलं तरी काहीजणी संकोचाने तेवढंच बोलतात. फोनवर 'थोडं अंगावरून जातंय' ऐकून कुणी 'होतं तसं' म्हटलं, तर बोलणं तिथेच संपतं. म्हणून रंग सांगायचा आणि किती ते सांगायचं. बाळंतपणानंतर तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी, मग पांढरट असा स्राव चार ते सहा आठवडे चालू शकतो. त्यात काही बिघाड नाही. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, घाण वास येत असेल किंवा ताप असेल, तर मात्र शब्द नीट वापरायचा. 'अंगावरून जातंय' असं न म्हणता 'लाल रक्त जातंय, तासाला एक पॅड भिजतंय' असं सांगायचं आणि लगेच दवाखान्यात निघायचं.